न्यूयॉर्कचे सकाळचे १० म्हणजे पुण्यात किती? ऑफसेट लावून मीटिंगची वेळ काढायची पद्धत

मार्चमधला एक सोमवार आमच्या टीममध्ये दरवर्षी ठरल्यासारखा जातो. न्यूयॉर्कच्या क्लायंटबरोबरचा रोजचा कॉल रात्री साडेआठचा असतो, म्हणून अर्धी टीम ऑफिसमधून निघून कुठेतरी बाणेरच्या सिग्नलला अडकलेली असते, आणि साडेसातला फोन वाजायला लागतो, "अरे कुठे आहेस, कॉल सुरू झालाय, क्लायंट वाट बघतोय." मग कोणी रिक्षातूनच जॉइन होतं, कोणी आवाज म्यूट करून नुसतं ऐकत बसतं, आणि नवीन आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी हळूच विचारतो, "सर, माझं कॅलेंडर बिघडलंय का? कालपर्यंत साडेआठ दाखवत होतं."

कॅलेंडर बिघडलेलं नसतं. आदल्या दिवशी, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारी, न्यूयॉर्कची घड्याळं एक तास पुढे गेलेली असतात आणि आपल्या डोक्यातलं पाठ केलेलं "साडेदहा तास" हे गणित त्या दिवसापासून चुकीचं झालेलं असतं, एवढंच. बेरीज वजाबाकी कोणाचीच चुकत नाही हो, तिसरीतलं गणित आहे ते. चुकतो तो ऑफसेट, नाहीतर तारीख. त्यामुळे या लेखात मी पुणे आणि न्यूयॉर्क ही एकच जोडी घेऊन सगळं करून दाखवतो, मध्ये थोडा वेळ लंडनला बसवतो, कारण खरी गंमत तिघं एकत्र आले की होते. तुमची टीम ह्यूस्टनला असो की फ्रँकफर्टला, पद्धत हीच, फक्त आकडे बदलायचे.

ऑफसेट म्हणजे काय

जगात एक बेस वेळ धरलेली आहे, तिला यूटीसी म्हणतात. एखाद्या ठिकाणचं घड्याळ या बेसच्या किती पुढे किंवा मागे आहे तो आकडा म्हणजे त्या ठिकाणचा ऑफसेट. पुढे असेल तर अधिक, मागे असेल तर उणे. भारत `+05:30`, म्हणजे यूटीसीमध्ये दुपारचे १२ वाजले असतील तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. न्यूयॉर्क हिवाळ्यात `-05:00` आणि उन्हाळ्यात `-04:00`.

आपला अर्धा तास कुठून आला हे एकदा कळलं की तो विसरत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून घेतलेली आहे, तो मिर्झापूरजवळून जातो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, ८२.५ भागिले १५ केलं की साडेपाच. (मुंबईला हे बराच काळ मान्य नव्हतं बरं का, तिथे १९५५ पर्यंत 'बॉम्बे टाइम' म्हणून वेगळी वेळ चालायची, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तेव्हा पुण्याहून दादरला मीटिंगला जायचं तरी कुठल्या घड्याळाने हे विचारावं लागलं असतं.)

आपल्यासाठी सोयीची गोष्ट एकच, भारताचा ऑफसेट वर्षभर हलत नाही. जे काही हलतं ते समोरच्याकडे. म्हणजे गणितातली एक बाजू कायमची पाठ, दुसरी बाजू दर वेळी तपासायची.

आता प्रत्यक्ष कसं करायचं

कागदावर किंवा नोटपॅडमध्ये आधी चार गोष्टी लिहा: मीटिंगची तारीख, वेळ, ती वेळ कुठल्या शहराची आहे, आणि त्या तारखेला त्या शहराचा ऑफसेट किती. चौथी गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. आज किती आहे ते नको, मीटिंगच्या दिवशी किती असेल ते हवं. यावर पुढे सविस्तर येतोच.

मग दोन ओळींचं काम:

```
UTC वेळ      = समोरच्याची वेळ − समोरच्याचा ऑफसेट
आपली वेळ    = UTC वेळ + आपला ऑफसेट
```

लोक अडकतात ते पहिल्या ओळीतल्या चिन्हापाशी. न्यूयॉर्कचा ऑफसेट आधीच उणे, त्याला परत वजा करायचं म्हणजे अधिक होतं. हे डोक्यात गोंधळ करतं म्हणून मी टीममध्ये एवढंच सांगतो: यूटीसीकडे जाताना चिन्ह उलटं, यूटीसीकडून येताना चिन्ह आहे तसं. उणे ४ असेल तर जाताना ४ मिळवा, अधिक साडेपाच असेल तर जाताना साडेपाच वजा करा. बस.

आणि वेळ नेहमी २४ तासांच्या घड्याळात लिहा. रात्रीचे साडेआठ म्हणजे २०:३०. एएम पीएम लावून गणित करायला गेलात की १२ एएम म्हणजे रात्रीचे १२ की दुपारचे, यात पाच मिनिटं जातात (रात्रीचे असतात), आणि ते पार झाल्यावर तारीख बदलली का हा प्रश्न वेगळाच.

पहिलं उदाहरण सरळ घेऊ. सोमवार ९ मार्च २०२६, न्यूयॉर्कचे सकाळचे १०:००. २०२६ मध्ये अमेरिकेची घड्याळं ८ मार्चला बदलली, म्हणून ९ तारखेला ऑफसेट `-04:00`. यूटीसीकडे जाताना चिन्ह उलटं, १० अधिक ४ म्हणजे १४:००. आता आपला ऑफसेट आहे तसा मिळवा, १४:०० अधिक ५:३० म्हणजे १९:३०. पुण्यात सोमवारी संध्याकाळी साडेसात. तारीख कुठेही ओलांडली नाही, झालं.

दुसरं उदाहरण मात्र मी स्वतः तोंडावर आपटलो ते आहे. क्लायंटच्या बाजूच्या बाई म्हणाल्या, रिव्ह्यू सोमवारी ठेवू, आमच्याकडे रात्री साडेआठला, मुलं झोपली की मी मोकळी. मी डायरीत लिहिलं "सोमवार, सकाळी ६" आणि सोमवारी पहाटे पाचचा गजर लावून, चहा घेऊन, लॅपटॉप उघडून बसलो. कोणीच आलं नाही. तिकडे तेव्हा रविवारची रात्र होती. तासांचं गणित अगदी बरोबर होतं, दिवस चुकला होता, आणि सोमवारी ठरलेलं म्हणून मी सोमवारीच उठून बसलो.

नीट करून बघू. सोमवार, २०:३०, न्यूयॉर्क, उन्हाळा म्हणून `-04:00`. २०:३० अधिक ४ म्हणजे २४:३०. चोवीसच्या वर गेलं की २४ काढून टाका आणि तारखेत एक मिळवा, म्हणजे मंगळवार ००:३० यूटीसी. त्यात ५:३० मिळवले की मंगळवार ०६:००. सकाळी सहा बरोबरच, पण मंगळवारी. तारीख बदलली ती पहिल्याच पायरीत, यूटीसीकडे जाताना, आणि मी थेट "साडेनऊ तास मिळवा" केल्यामुळे ते माझ्या लक्षातच आलं नाही. म्हणून वार आणि तारीख दोन्ही पायऱ्यांमध्ये वेळेच्या शेजारी लिहायची, शेवटी आठवून लावायची नाही.

उलट दिशेनेही तेच. समजा तुम्हाला पुण्यातून मीटिंग ठेवायची आहे, मंगळवारी सकाळी ७:३० ला. यूटीसीकडे जाताना साडेपाच वजा, म्हणजे मंगळवार ०२:००. आता न्यूयॉर्कचा उणे ४ आहे तसा लावा, २ मधून ४ गेले की शून्याच्या खाली जातो, तेव्हा २४ मिळवायचे आणि तारखेतून एक कमी करायची: सोमवार २२:००. म्हणजे तुम्ही "मंगळवारी सकाळी भेटू" म्हणालात तर तिकडच्या माणसाला सोमवारी रात्री दहाला लॅपटॉप उघडावा लागणार आहे. हे त्याला सोमवार असं स्पष्ट लिहून सांगा, नाहीतर तो मंगळवारी रात्री दहाला येऊन बसेल आणि तुम्ही बुधवारचा नाश्ता करत असाल.

या हिशोबातूनच एक गोष्ट निघते जी भारतातल्या टीमला उशिरा कळते, अमेरिकेतली शुक्रवार संध्याकाळ ही आपली शनिवार पहाट असते. "शुक्रवारी दिवस संपताना एक छोटा कॉल" हे तिकडून सहज म्हटलं जातं, इकडे सुट्टी गेलेली असते.

थेट फरक पाठ करावा का

करा की, मीही करतो. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. कॅलिफोर्निया हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा. सगळे "साडे" मध्येच, हे लक्षात घ्या, कारण समोरचे सगळे पूर्ण तासावर आणि अर्धा तास फक्त आपला. लंडनसाठी तर जुनी युक्ती आहे, काट्यांचं घड्याळ मनगटावर उलटं धरायचं, हिवाळ्यात लंडनची वेळ दिसते. दुपारचे अडीच वाजलेत, घड्याळ उलटं केलं तर मिनिटकाटा बारावर आणि तासकाटा साडेआठच्या आसपास दिसतो, खरी वेळ असते ९. तासकाटा थोडा कमी पडतो पण अंदाज येतो. उन्हाळ्यात मात्र ही युक्ती तासाने फसते.

पाठ केलेला फरक हा चटकन अंदाजासाठी ठीक. इन्व्हाइट पाठवताना यूटीसीतून जायचं, कारण थेट फरकात दोन ऑफसेट एकमेकांत विरघळलेले असतात आणि त्यातला एक बदलला की कुठला बदलला हे दिसत नाही.

ऑफसेट आणायचा कुठून

हा खरा मुद्दा. समोरच्याचा ऑफसेट शहराच्या नावाला चिकटलेला नसतो, तारखेला चिकटलेला असतो. न्यूयॉर्कला एक ऑफसेट नाही, दोन आहेत, आणि कुठला चालू आहे हे कॅलेंडरवरून ठरतं. अमेरिकेत २००७ पासून नियम असा: मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ ला घड्याळं एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ ला एक तास मागे. २०२६ साठी ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. आपल्याकडे तेव्हा काय वाजलेले असतात माहितीये? मार्चमध्ये रविवारचे दुपारचे साडेबारा. आपण वरण-भाताची वाट बघत असतो तेव्हा तिकडे हा बदल होऊन जातो, आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ताही नसतो.

ऑफसेट चुकीचा हातात येण्याच्या तीन जागा मी परत परत बघितल्यात.

एक म्हणजे `EST`. अमेरिकेतली माणसं बोलताना लिहिताना बारा महिने `EST` लिहितात, पण त्याचा काटेकोर अर्थ हिवाळ्यातली वेळ, `-05:00`. उन्हाळ्यातल्या वेळेला `EDT` म्हणतात. जुलैमध्ये कोणी "10 AM EST" लिहिलं आणि तुम्ही शब्दशः धरलं तर पुण्यात साडेआठ येतात, त्याच्या मनात मात्र न्यूयॉर्कचे घड्याळातले दहा असतात, म्हणजे आपले साडेसात. शंभरातल्या बहुतेक वेळा त्याच्या मनातलंच खरं असतं, पण अंदाजावर सोडू नका, सरळ विचारा, "न्यूयॉर्कमध्ये भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले असताना ना?" यात कमीपणा काही नाही. आणि आपलं `IST` सुद्धा तेवढंच फसवं, इस्रायल आणि आयर्लंडवाले पण आपापल्या वेळेला `IST` लिहितात. टीममध्ये डब्लिनचा कोणी असेल तर `IST` हा शब्दच बंद करा, `+05:30` लिहा.

दुसरी जागा विंडोजची यादी. सेटिंग्जमध्ये टाइम झोन निवडायला गेलात की `(UTC-05:00) Eastern Time (US & Canada)` असं दिसतं, आणि ते जुलैमध्ये पण `-05:00` च दिसतं. ती नुसती झोनची ओळख आहे, हिवाळ्यातला आकडा नावात कोरून ठेवलेला. कॉम्प्युटर आतून वेळ बरोबरच दाखवतो, पण तुम्ही तो कंसातला आकडा उचलून गणितात टाकलात तर उन्हाळाभर एक तास चुकाल.

तिसरी म्हणजे ईमेलचा हेडर. ही खरंतर छान जागा आहे, मेलचा मूळ मजकूर उघडून बघितला तर असं काहीतरी सापडतं:

```
Date: Mon, 2 Mar 2026 10:00:00 -0500
```

शेवटचा `-0500` बऱ्याचदा पाठवणाऱ्याच्या घड्याळाचा ऑफसेट असतो (काही मेल सर्व्हर सरळ `+0000` टाकतात, तेव्हा त्यातून काही कळत नाही). पण हा ऑफसेट मेल पाठवला त्या दिवसाचा. मेल २ मार्चला आला आणि मीटिंग १२ मार्चला आहे, मध्ये ८ तारीख गेली, हा आकडा शिळा झाला.

मग खात्रीचा कसा मिळवायचा? शहराच्या नावाचा झोन आणि मीटिंगची तारीख दोन्ही एकत्र देऊन विचारायचं. लिनक्सवर बसणाऱ्यांसाठी एका ओळीचं काम आहे:

```
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="America/New_York" 2026-03-12 10:00'
```

उत्तर १९:३० येतं, १२ मार्चला. तीच ओळ ५ मार्च टाकून चालवा, २०:३० येईल. (मॅकवरची `date` कमांड वेगळी आहे, तिथे हे असं चालत नाही.) कमांड नको असेल तर कॅलेंडरमध्ये त्या तारखेला न्यूयॉर्कचा झोन देऊन एक खोटी मीटिंग टाका, वेळ बघा, डिलीट करा. आजची वेळ दाखवणारी वर्ल्ड क्लॉक मात्र यासाठी उपयोगाची नाही, ती आजचा फरक सांगते.

एक जाता जाता. यादीत `Etc/GMT+5` असे झोन दिसले तर हात लावू नका, त्यांचं चिन्ह उलटं आहे, `Etc/GMT+5` म्हणजे यूटीसीच्या ५ तास मागे. जुन्या युनिक्सच्या पद्धतीमुळे तसं राहिलंय, आणि त्याने बऱ्याच जणांना दहा तासांनी चुकवलंय.

तिघं एकत्र आले की: मार्चचे तीन आठवडे

आता लंडनला बोलवू. युरोप आणि ब्रिटनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात, अमेरिकेच्या नंतर. २०२६ मध्ये २९ मार्च. म्हणजे ८ ते २९ मार्च या तीन आठवड्यांत अमेरिका उन्हाळ्यात आणि लंडन अजून हिवाळ्यात. रोजचा कॉल न्यूयॉर्कच्या सकाळी दहाला बांधलेला आहे असं धरून बघा:

शुक्रवार ६ मार्च: न्यूयॉर्क १०:००, यूटीसी १५:००, लंडन १५:००, पुणे २०:३०.

सोमवार ९ मार्च: न्यूयॉर्क १०:००, यूटीसी १४:००, लंडन १४:००, पुणे १९:३०.

सोमवार ३० मार्च: न्यूयॉर्क १०:००, यूटीसी १४:००, लंडन १५:००, पुणे १९:३०.

पुण्याची वेळ एकदाच हलली, लंडनची दोनदा, तीन आठवड्यांसाठी एक तास अलीकडे येऊन परत जागेवर. न्यूयॉर्कची तर हललीच नाही, त्यामुळे न्यूयॉर्कवाल्यांना आपण का ओरडतोय हे कळत नाही, त्यांच्यासाठी मीटिंग कायम दहालाच होती. शरद ऋतूत हेच उलट क्रमाने होतं पण आठवडाभरच: ब्रिटन २५ ऑक्टोबरला मागे येतं, अमेरिका १ नोव्हेंबरला, आणि सोमवार २ नोव्हेंबरपासून पुण्यात परत रात्री साडेआठ.

वरच्या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली होती, मीटिंग न्यूयॉर्कच्या घड्याळाला बांधलेली आहे. इन्व्हाइट कोणी आणि कुठल्या झोनमध्ये बनवलं यावर ते ठरतं. तीच मालिका पुण्यातून `Asia/Kolkata` झोनमध्ये बनवली असती तर आपल्याकडे बारा महिने साडेसात राहिले असते आणि न्यूयॉर्कवाल्यांची वेळ उन्हाळ्यात दहा, हिवाळ्यात नऊ झाली असती. म्हणजे कोणाची तरी वेळ हलणारच, कोणाची ते मालिका बनवतानाच ठरवायचं. आमच्याकडे हे आता पहिल्याच मीटिंगमध्ये उघड बोलतो, कारण पुण्यात संध्याकाळी साडेसात आणि साडेआठ यात मोठा फरक आहे, कोणाला पाळणाघरातून मूल आणायचं असतं, कोणाच्या कंपनीची बस आठला सुटते. न्यूयॉर्कमध्ये नऊ आणि दहा यात तेवढं काही अडत नाही. मग बांधा ना पुण्याला. पण एकदा बांधलं की समोरच्यांना नोव्हेंबर आणि मार्चच्या आधीच्या आठवड्यात एक ओळ लिहून सांगायची, तुमच्याकडे सोमवारपासून वेळ हलेल म्हणून.

कॅलेंडर फाइल उघडून बघितली तर कशाला बांधलंय हे दिसतं:

```
DTSTART;TZID=America/New_York:20260309T100000
```

इथे शहराचं नाव आहे, ऑफसेट नाही, आणि तेच योग्य आहे. मालिका कधीही नुसत्या ऑफसेटवर बनवू नये. ऑफसेट एका ठराविक तारखेच्या एका मीटिंगला चालतो. "दर सोमवारी १०:०० `-05:00`" असं लिहिलंत तर मार्चनंतर न्यूयॉर्कमध्येच ती मीटिंग अकराला सरकते आणि मग कोणीच येत नाही.

एक्सेलमध्ये करताना

रोल-आउटचं वेळापत्रक, ट्रेनिंगचे बॅच वगैरे असेल तर पन्नास ओळी हाताने कोण करणार, लोक एक्सेल उघडतात. तिथे एक चूक इतकी नेहमीची आहे की उत्तर बघूनच ओळखता येते. `A2` मध्ये यूटीसी वेळ असते, तिच्यात मिळवायचे साडेपाच तास म्हणून `5.30` टाइप करतात:

```
=A2 + 5.30/24      चूक
=A2 + TIME(5,30,0) बरोबर
```

५.३० हा दशांश आहे, ५ तास आणि तासाचा दहावा भाग गुणिले तीन, म्हणजे ५ तास १८ मिनिटं. त्यामुळे वेळापत्रकात ७:१८, ८:१८ असल्या वेळा दिसल्या की समजायचं कोणीतरी `5.30` टाकलंय, बरोबर १२ मिनिटं कमी. दशांशातच करायचं असेल तर `5.5`.

दुसरं म्हणजे `A2` मध्ये तारीख आणि वेळ एकत्र ठेवा. नुसती वेळ ठेवून तीतून साडेनऊ तास वजा केले आणि उत्तर शून्याखाली गेलं तर एक्सेल नुसते `#####` दाखवतं. मग कोणीतरी नेटवरून `MOD` चा फॉर्म्युला आणून लावतं, हॅश जातात, वेळ बरोबर येते, आणि आदला दिवस झाला होता ही माहिती गुपचूप गायब होते. माझ्या पहाटेच्या चहासारखं. तारीख सोबत असेल तर हे काहीच करावं लागत नाही, तारीख आपोआप मागे जाते. आणि यादी जर ८ मार्चच्या अलीकडे पलीकडे पसरलेली असेल तर एकच ऑफसेट खाली ओढू नका, ऑफसेटचा वेगळा कॉलम करा, प्रत्येक ओळीला तिच्या तारखेचा.

पाठवायच्या आधी तीस सेकंद

उत्तर आलं की मिनिटं बघा. न्यूयॉर्क, लंडन, सिंगापूर, दुबई कुठूनही पूर्ण तासाची मीटिंग भारतात नेहमी अर्ध्यावरच येते, आणि तिकडची अर्ध्याची आपल्याकडे पूर्ण तासावर. तिकडे १०:०० आणि इकडे ८:०० आले म्हणजे अर्धा तास कुठेतरी सांडलाय. मग दिशा बघा, सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, म्हणून आपली वेळ अमेरिकेच्या पुढेच हवी, मागे आली तर चिन्ह चुकलं. नेमका एका तासाचा फरक पडत असेल तर बेरीज परत तपासत बसू नका, ऑफसेट हिवाळ्याचा की उन्हाळ्याचा ते बघा.

शनिवार-रविवारी डिप्लॉयमेंट करणाऱ्यांसाठी एक खास अडचण उरते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे दीड दोनदा वाजतात, एकदा `-04:00` ने आणि तासाभराने परत `-05:00` ने. १ नोव्हेंबर २०२६ ला "01:30 न्यूयॉर्क वेळ" म्हटलं तर पुण्यात ते सकाळचे ११ पण असू शकतात आणि दुपारचे १२ पण, दोन्ही बरोबर. इथे शहराचं नाव अपुरं पडतं, ऑफसेट लिहावाच लागतो.

आणि मेसेज लिहिताना आम्ही आता दोन्हीकडचा वार, दोन्हीकडची वेळ आणि ऑफसेट एकाच ओळीत टाकतो, समोरच्याला गणित करायला लावतच नाही. तिकडे जातो तो मेसेज असा दिसतो:

```
Mon 9 Mar 2026, 20:30 New York (-04:00) = Tue 10 Mar 2026, 06:00 Pune (+05:30)
```

ओळ लांब वाटते, पण यात कुठलाही एक आकडा चुकला तर वाचणारा तो पकडू शकतो, कारण बाकीचे आकडे शेजारीच आहेत. परवाच आमच्या नवीन मुलाने घाईत `-05:00` टाकून पाठवलं होतं, तिकडच्या बाईंनी पाच मिनिटांत उत्तर लिहिलं, आमची घड्याळं कालच बदलली, हे उणे ४ कर.